सहा रेषा पानाबाहेर गेल्या तर चूक नाही

"प्लस चार्जमधून निघालेली इलेक्ट्रिक फील्डची प्रत्येक रेषा मायनस चार्जवरच संपली पाहिजे, एक जरी मोकळी सुटली तरी आकृती चूक, खरंय का?"

नाही हो, हे प्लस आणि मायनस दोन्ही चार्ज सारख्याच मापाचे असतील तेव्हाच. नाशिकमध्ये कॉलेज रोडला बारावीच्या क्लासचे पेपर तपासते मी, परवाच +2q आणि −q ची आकृती होती. एका पोराने +2q मधून 12 रेषा काढल्या आणि ओढूनताणून सगळ्या −q वर आणून बसवल्या, दिसायला एकदम छान, पण मार्क कापले, कारण रेषांची संख्या चार्जच्या प्रमाणात लागते, 2q ला 12 तर q ला 6च, म्हणजे त्याने नकळत −2q काढला होता. उरलेल्या 6 बाहेर अनंताकडे जाणार, आणि खूप लांबून ते एकट्या +q सारखं दिसतं.

या कोंबाकोंबीत −q जवळ दोन रेषा एकमेकींना छेदत पण होत्या. छेदाच्या जागी टेस्ट चार्ज ठेवला तर बिचारा कुठल्या दिशेने जाणार? फील्डची दिशा एकच असते ना.

तपासताना मी आधी दोन्ही चार्जपाशी रेषा मोजते, मग बाण बघते.