नऊ घरांचा तक्ता आणि ‘तयार’ माणूस : एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया : “नाइन बॉक्सला तुम्ही लेखात फारच मोकळे सोडले आहे. कामगिरी निदान मोजता येते. ‘पोटेन्शियल’ म्हणजे साहेबाला माणूस कसा वाटतो, एवढेच. मला चार वर्षे ‘भरवशाचा, पण पुढे जाणार नाही’ अशा घरात ठेवले होते आणि ते मला नोकरी सोडताना कळले. उद्या वरच्या पदावर कोण बसेल हे ठरवायला असे साधन कसे चालते?”

नमस्कार. मूळ लेख न वाचलेल्यांसाठी : नाइन बॉक्स म्हणजे आडव्या बाजूला कामगिरी आणि उभ्या बाजूला पोटेन्शियल, म्हणजे पुढे जाण्याची क्षमता, प्रत्येकी तीन पायऱ्यांत मांडून कर्मचाऱ्यांना नऊ घरांत बसवणारा तक्ता. दोन्हींत सर्वांत वर असलेला माणूस उजव्या वरच्या घरात येतो. पोटेन्शियलबद्दलचा आपला आक्षेप मला मान्य आहे आणि मूळ लेखात त्याला मी पुरेशी जागा दिली नाही, ही माझी चूक आहे. आपल्या बाजूने एक भक्कम पुरावाही आहे. ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली श्यू या संशोधकांनी उत्तर अमेरिकेतील एका मोठ्या किरकोळ विक्री साखळीतील सुमारे ३०,००० कर्मचाऱ्यांच्या नाइन बॉक्सच्या नोंदी तपासल्या. तिथे स्त्रियांना कामगिरीचे गुण सरासरीने पुरुषांपेक्षा जास्त होते, पण पोटेन्शियलचे गुण कमी होते. पुढच्या काळात, पोटेन्शियलचे सारखेच गुण मिळालेल्या पुरुषांपेक्षा या स्त्रियांचे काम सरस ठरले. म्हणजे पोटेन्शियलच्या रकान्यात जो अंदाज लिहिला गेला होता तो चुकलाच होता, आणि चूक ठरावीक दिशेने झाली होती.

असे का होते, हे त्या बैठकीत बसल्यावर दिसते. तीन तासांत साठ नावे संपवायची असतात, म्हणजे एका माणसाच्या वाट्याला तीन मिनिटे येतात. कामगिरीवर बोलताना निदान वर्षाची उद्दिष्टे समोर असतात. पोटेन्शियलची पाळी आली की “तिच्यात ती भूक दिसत नाही”, “तो खोलीत आला की जाणवतो” अशी वाक्ये सुरू होतात, आणि ज्या साहेबाला आपल्या माणसाची बाजू नेटाने मांडता येते त्याची माणसे वरच्या ओळीत सरकतात. हा तक्ता ज्या घडणीचा आहे ती मुळात जनरल इलेक्ट्रिक आणि मॅकिन्झी यांनी १९७०च्या दशकात व्यवसायांची तुलना करण्यासाठी वापरली : कोणत्या व्यवसायात पैसा घालायचा आणि कोणता आवरता घ्यायचा, यासाठी. व्यवसायाला कोणत्या घरात बसवले म्हणून त्याच्या मनाला काही होत नाही. माणसाचे तसे नाही, कारण घर ठरले की त्याला मिळणारी कामे बदलतात, आणि कामे बदलली की पुढच्या वर्षीचा पुरावाही बदलतो.

मात्र तक्ता काढून टाकला की प्रश्न सुटतो, असे मला वाटत नाही. साहेबाचे मत तेव्हाही असतेच. फक्त ते कागदावर येत नाही, आणि जे कागदावर नाही त्याला खोडून काढता येत नाही. माझा आग्रह वेगळ्याच गोष्टीबद्दल आहे. तक्त्यातील घर आणि एखाद्या पदासाठीची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोटेन्शियल हे ‘एकूण माणूस किती वर जाईल’ याबद्दल बोलते. तयारी ही नेहमी एका ठरावीक पदासाठी, आजच्या तारखेला असते. उजव्या वरच्या घरातील नावे उचलून ती उत्तराधिकाऱ्यांच्या यादीत चिकटवणे, ही सर्वांत मोठी चूक मी अनेकदा घडताना पाहिली आहे.

त्यातला एक प्रसंग सविस्तर सांगतो. कंपनीचे नाव सांगत नाही. कारखानाप्रमुखाचे पद दीड वर्षात रिकामे होणार होते. यादीत पहिले नाव विक्री विभागातील एका अधिकाऱ्याचे होते, घर उजवे वरचे, शेरा ‘आजच तयार’. देखभाल विभागाच्या प्रमुख असलेल्या बाई यादीत नव्हत्या. त्यांची कामगिरी तीन वर्षे सर्वोच्च होती आणि पोटेन्शियल तिन्ही वर्षे ‘कमी’. ‘कमी’ कशावरून, असे मी विचारले, तेव्हा दोनच गोष्टी पुढे आल्या : बैठकीत त्या फारशा बोलत नाहीत, आणि चार वर्षांपूर्वी त्यांनी बदली नाकारली होती. बदली नाकारली तेव्हा घरी वडील अंथरुणाला खिळलेले होते. ते कारण केव्हाच संपले होते. एका वर्षाची अडचण स्वभाव म्हणून नोंदली गेली आणि पुढची दोन वर्षे तीच नोंद मागच्या तक्त्यावरून उतरवली गेली.

मग आम्ही घरे बाजूला ठेवली आणि त्या पदावरचा माणूस वर्षभरात खरोखर कोणती अवघड कामे करतो, ते लिहिले. पाच निघाली : बिघाडात उत्पादन थांबवण्याचा निर्णय घेणे, कामगार संघटनेशी वाटाघाटी, सुरक्षा तपासणीला सामोरे जाणे, मोठ्या ग्राहकाची तक्रार हाताळणे आणि भांडवली खर्चाचे अंदाजपत्रक संचालकांपुढे मांडणे. प्रत्येक कामासमोर दोघांनी ते केव्हा केले आणि काय झाले एवढेच लिहायचे, विशेषणे नाहीत. बाईंच्या नावासमोर चार कामे भरली, अंदाजपत्रक रिकामे राहिले. विक्रीतील अधिकाऱ्यांच्या नावासमोर ग्राहकाची तक्रार आणि अंदाजपत्रक एवढीच दोन भरली. ते हुशार नव्हते असे अजिबात नाही. पण ‘आजच तयार’ हा शेरा त्यांच्यावरही अन्यायच होता, कारण बिघाडाच्या पहिल्याच रात्री तो उघडा पडला असता. बाईंना तयार व्हायला एक वर्ष आणि विक्रीतील अधिकाऱ्यांना सुमारे तीन वर्षे लागतील, असे ठरले. बाईंकडे पुढचे अंदाजपत्रक सोपवले. पहिला मसुदा संचालकांनी परत पाठवला, दुसरा मंजूर झाला, आणि ते रिकामे घर भरले.

यावरून मी आता तीन अटी घालतो. पोटेन्शियलची खूण कोणत्या पदासाठी, ते लिहिल्याशिवाय ती घ्यायची नाही. खुणेच्या खाली अलीकडच्या अठरा महिन्यांतील एखादा प्रसंग तारखेसह हवा, नसेल तर ‘माहिती नाही’ असे लिहायचे. ‘माहिती नाही’ आणि ‘कमी’ यांची गल्लत हीच बहुतेक चुकीच्या शिक्क्यांची मुळे असतात. आणि मागच्या वर्षीचा तक्ता बैठक सुरू होईपर्यंत कोणालाही दाखवायचा नाही. तक्ता बिघडला आहे की नाही हे ओळखायची एक सोपी खूणही आहे : साहेब बदलल्यावर किती जणांचे घर बदलले, ते मोजा. माणसे तीच, कामही तेच, आणि तरी घरे मोठ्या संख्येने हलली, तर तक्ता माणसांचे नव्हे, साहेबांचे मोजमाप करत होता.

आपल्या चार वर्षांबद्दल. घराचे नाव आपल्याला सांगितले असते तर बरे झाले असते, असे मी म्हणणार नाही, कारण ‘पुढे जाणार नाही’ हे ऐकून कोणाच्याही हाती काही लागत नाही. आपल्याला सांगायला हवी होती ती त्यामागची नोंद : कोणत्या पदासाठी विचार झाला, कोणते काम आपल्या नावासमोर रिकामे दिसले, आणि ते करण्याची संधी केव्हा मिळेल. अशी नोंद दाखवली असती, तर ती चुकीची असल्याचे आपण पहिल्याच वर्षी सांगू शकला असता. आपल्या जुन्या कार्यालयात ती नोंद बहुधा नव्हतीच, असा माझा अंदाज आहे. मूळ लेखातील ‘तक्ता चर्चेला सुरुवात करून देतो’ हे वाक्य मी आज दुरुस्त केले असून त्याखाली या तीन अटी जोडल्या आहेत.