प्रकल्पाची वही आणि विहिरीचं पाणी

फेब्रुवारी आला की आमच्या तालुक्याच्या गावी स्टेशनरीच्या दुकानात पर्यावरणाचे तयार प्रकल्प लटकायला लागतात. 'जलप्रदूषण', 'घनकचरा व्यवस्थापन', 'माझ्या परिसरातील वृक्ष'. आत चिकटवलेली चित्रं, प्रस्तावना, निरीक्षणं, निष्कर्ष, ऋणनिर्देश, सगळं तयार. फक्त नाव आणि हजेरी क्रमांक लिहायचा. कोणाच्या तरी परिसरातल्या कोणत्या तरी ओढ्याची निरीक्षणं आमची पोरं आपली म्हणून जमा करतात आणि त्यांना चांगले मार्कही पडतात.

यात पोरांचा दोष मला दिसत नाही. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शाळा-कॉलेजात सक्तीचा करायला सांगितला. आज आपल्याकडे अकरावी-बारावीला 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' हा विषय आहे, नववी-दहावीला 'जलसुरक्षा' आहे. पुस्तकं मी वाचलीत, वाईट नाहीत. पण त्या प्रकल्पातून निघणाऱ्या उत्तराची वाट गावात कोणीच बघत नाही. उत्तर चुकलं तरी कोणाचं काही अडत नाही. अशा कामाची नक्कल झाली नाही तरच नवल.

म्हणून मी गेली काही वर्षं शिक्षकमित्रांच्या मागे लागलोय की झाडं लावण्याचा फोटो-कार्यक्रम आणि निबंधस्पर्धा जरा बाजूला ठेवा आणि एकच प्रकल्प धरा: गावाच्या पाण्याचा ताळेबंद. हिवरे बाजारने वर्षानुवर्षं केलेली ही गोष्ट आहे. पाऊस मोजायचा, गावात पाणी किती आहे ते काढायचं आणि त्यावरून ग्रामसभेत पिकं ठरवायची. तिथलं नेतृत्व आणि तिथली शिस्त प्रत्येक गावाला मिळणार नाही, हे मान्य. पण मोजमाप आणि हिशोब सातवी-आठवीच्या पोरांना नक्की जमतो. आमच्याकडच्या एका शाळेत तो होताना मी पाहिलाय.

सुरुवात विहिरीपासून करावी. कठडा असलेल्या पाच-सहा विहिरी निवडायच्या, गावाच्या वरच्या अंगाला दोन, मधल्या भागात दोन, ओढ्याकाठी दोन. बिनकठड्याच्या विहिरीजवळ मुलांना न्यायचंच नाही आणि प्रत्येक वेळी मोठं माणूस सोबत हवं. कठड्यावर ऑइलपेंटने एक खूण करायची, मोजायचं ते कायम तिथूनच. टेपच्या टोकाला वजन बांधायचं, शेवटच्या मीटरभर भागावर खडू घासायचा आणि टेप खाली सोडायचा. वजन पाण्याला लागल्याचा आवाज येतो. अजून थोडा टेप सोडून खुणेशी आकडा वाचायचा आणि वर ओढायचा. जितका खडू भिजला तितकं त्यातून वजा करायचं आणि मग कठड्याची उंचीही वजा करायची. जमिनीपासून पाणी किती खोल, ते मिळालं.

पहिल्या खेपेला ही दुसरी वजाबाकी निम्मी पोरं विसरतात. वेळही महत्त्वाची. मोजायचं पहाटे, मोटार सुरू व्हायच्या आधी. मोटार चालू असताना मोजलं तर पाणी चांगलंच खाली गेलेलं दिसतं. रात्री थ्री-फेज वीज असेल त्या आठवड्यात पहाटेचा आकडाही फसवतो, कारण विहीर अजून भरलेली नसते. म्हणून आकड्याशेजारी एक रकाना हवाच: 'मोटार शेवटची कधी चालली होती?' हे विचारायला पोरांना शेतकऱ्याशी बोलावं लागतं, आणि खरा अभ्यास तिथे सुरू होतो. एका आजोबांनी आधी हाकललंच होतं. मोजणी म्हणजे पुढे काहीतरी सरकारी लचांड येणार, असा त्यांचा पक्का समज. त्यांचीच नात गटात आहे हे कळल्यावर त्यांनी स्वतः टेप धरला आणि बहात्तरच्या दुष्काळात पाणी कुठवर गेलं होतं तो दगडाचा थरही दाखवला. हे कुठल्या धड्यात असणार?

पावसाचं मोजमाप त्या मानाने सोपं. सरळ उभ्या बाजूंचं भांडं हवं, बस. कोल्डड्रिंकची बाटली कापून करायचं असेल तर तिचा खालचा खोलगट भाग खडे टाकून पाण्याने भरायचा आणि पट्टीचं शून्य त्या पाण्याच्या पातळीला लावायचं. झाड आणि भिंत यांच्यापासून लांब ठेवायचं. रोज सकाळी साडेआठला वाचायचं, म्हणजे वेळ हवामान खात्याशी जुळते. रविवारी कोण वाचणार, यावरून भांडणं होतात. सोमवारी दोन दिवसांचा मिळून आकडा लिहिला तर चालतो, पण तसं वहीत लिहायला हवं.

आता हिशोब. समजायला सोपं जावं म्हणून एक गाव धरू: क्षेत्र १००० हेक्टर, वस्ती २०००, पाऊस ५०० मिलिमीटर. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. म्हणजे गावावर वर्षाला ५०० कोटी लिटर पाणी पडलं. हा आकडा ऐकून वर्गात एकदम खुशी पसरते. एवढं पाणी! मग टँकर कशाला येतो?

इथे थांबून पोरांना खडकाचं सांगावं लागतं. आपल्या पायाखाली बेसाल्ट आहे. वाळूसारखं पाणी तो पोटात धरत नाही, फटींत आणि मुरमाच्या थरात जेवढी जागा तेवढंच. त्या थरातून प्रत्यक्ष उपसता येणारं पाणी त्याच्या आकारमानाच्या जेमतेम एक ते तीन टक्के. आपण दोन धरू. मे अखेरपासून सप्टेंबर अखेरपर्यंत विहिरींची पातळी सरासरी तीन मीटरने वर आली असेल, तर १००० हेक्टर गुणिले तीन मीटर गुणिले दोन टक्के, उत्तर ६० कोटी लिटर. पडलेल्या ५०० कोटींपैकी विहिरींच्या वाट्याला आले साठ. बाकीचं काही ओढ्याने गेलं, बरंचसं मातीने, पिकांनी आणि उन्हाने घेतलं.

आता खर्च. माणशी रोज ५५ लिटर धरलं तर २००० माणसांना वर्षाला चार कोटी लिटर. गुराढोरांना दोन कोटी धरा. उरले ५४ कोटी. गव्हाला हंगामभर साधारण ४०० मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे एकरी सोळा लाख लिटर. सगळ्या पाण्यावर गहूच घेतला तर ३३७ एकर भिजेल. ऊस वर्षभरात २००० मिलिमीटर पितो. त्यातले ५०० पावसाने भागले असं उदारपणे धरलं तरी विहिरीतून एकरी साठ लाख लिटर जातात. म्हणजे ऊस फक्त ९० एकर. पाटाने पाणी देताना वाया जातं ते तर यात धरलेलंच नाही.

आणि मग कोणीतरी मागच्या बाकावरून उलटा भागाकार करतो: अख्ख्या गावाचं वर्षाचं पिण्याचं पाणी म्हणजे सात एकर उसाचंही पाणी नाही. मी हे घडताना पाहिलंय. ज्याच्या घरी ऊस आहे असा एक मुलगा पुन्हा पुन्हा शून्यं मोजत होता, कुठे चुकलं का म्हणून. चुकलं नव्हतं. 'पाणी जपून वापरा' हे त्याने पहिलीपासून घोकलंय, आणि ते वाक्य दात घासताना नळ बंद करण्यापाशी संपतं. हा भागाकार थेट बापाच्या शेतात जातो.

या हिशोबाला मर्यादा आहेत आणि त्या मुलांना सांगायलाच हव्यात. दोन टक्के हा आकडा आपण धरलाय, मोजलेला नाही. एक धरला तर विहिरींच्या वाट्याचं पाणी निम्म्यावर येतं, तीन धरला तर दीडपट होतं. शेजारच्या दोन विहिरींची पातळीही बेसाल्टमध्ये सारखी नसते, त्यामुळे पाच-सहा विहिरींची सरासरी हा अंदाजच. साठलेल्यापैकी काही पाणी हिवाळ्यात ओढ्याला जाऊन मिळतं. खोल बोअरचं पाणी या पद्धतीत नीट सापडतच नाही. तरीही ऊस आणि गहू यांच्यातला फरक या चुकांनी पुसला जात नाही, आणि अंदाज किती पक्का आहे हे ओळखणं हाही शिक्षणाचाच भाग आहे. म्हणून पुस्तक फेकून द्या असं मी म्हणत नाही. आकारमान, शेकडेवारी, खडकांचे प्रकार, सगळं पुस्तकातलंच तर लागतं. फक्त ते इथे कामाला लागतं.

नकलेचं काय? ती इथेही होते, पण पकडता येते. घरी बसून लिहिलेले आकडे फार नेटके असतात, सगळे अर्ध्या मीटरवर संपणारे आणि ओळीने खाली उतरत जाणारे. खऱ्या विहिरीचा आकडा मध्येच जानेवारीत वर जातो. मग शोध घेतला की कळतं, कॅनॉलचं आवर्तन सुटलं होतं किंवा शेजारच्याची मोटार जळून आठवडाभर बंद होती. शिक्षकाने मार्क द्यावेत ते या शोधाला. सुबक वहीला नव्हे.

खरी अडचण वेगळीच आहे आणि तिच्यावर कोणी बोलत नाही. पाण्याचं वर्ष आणि शाळेचं वर्ष जुळत नाही. सगळ्यात महत्त्वाचा आकडा मे अखेरचा, तेव्हा सुट्टी. शिक्षकांची बदलीही बहुतेक त्याच सुमारास, आणि नव्या गुरुजींना खुणा कुठे आहेत तेच माहीत नसतं. त्यामुळे वही शाळेच्या कपाटात न ठेवता ग्रामपंचायतीत ठेवावी आणि मेचं मोजमाप विहिरीजवळ राहणाऱ्या मुलांकडे व त्यांच्या घरच्यांकडे सोपवावं.

उलट, ग्रामसभेचं वेळापत्रक पाण्याशी छान जुळतं. २ ऑक्टोबरची ग्रामसभा पावसाळा संपता संपता येते, गहू-हरभरा पेरायच्या आधी. त्या दिवशी सातवी-आठवीच्या दोन मुलांनी उभं राहून दहा मिनिटांत एवढाच तक्ता मांडायचा: पाऊस किती, पातळी किती वर आली, पिण्याचं बाजूला ठेवून उरलं किती, त्यात कोणतं पीक किती एकर बसतं. भाषण नको, घोषवाक्यं तर नकोतच. आपल्या आकड्यावर गावातली बापमाणसं उलटतपासणी करणार हे माहीत असलं की पोरं पहाटे उठून टेप घेऊन जातात. ती भीती मार्कांनी येत नाही.

ऊस कोणी कमी करायचा, हे मात्र मुलांच्या तोंडून वदवून घेऊ नये. काही उत्साही मंडळी तेही करायला बघतात, फलक धरून पोरांना उसाच्या फडासमोर उभं करतात. उसामागे कारखाना आहे, हमीचा भाव आहे, कर्ज आहे, आणि तो निर्णय मोठ्यांचा आहे. ग्रामसभा ऐकून घेईल आणि कदाचित काहीच करणार नाही. तरी पुढच्या मेमध्ये टेप पुन्हा खाली सोडायचा, आणि ऑक्टोबरच्या सभेत तो आकडा गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी लिहायचा.