मुलांना लघवीला जाऊ द्या, मग मला व्याख्यानाला बोलवा

शाळांमध्ये जाऊन मुलांना ‘लघवी रोखून धरू नका आणि पाणी पुरेसे प्या’ असे सांगण्याचे काम मी मूत्रपिंडविकारतज्ज्ञ म्हणून आजवर मनापासून केले आहे, पण आता या व्याख्यानांचा मला संताप येऊ लागला आहे. संताप मुलांचा नाही. मुले नीट ऐकतात आणि त्यांना सारे कळते. संताप आहे तो व्याख्यानानंतर चहाच्या वेळी हळू आवाजात केल्या जाणाऱ्या विनंतीचा: “डॉक्टर, तेवढे ‘केव्हाही जा’ असे सांगू नका, एकाला सोडले की सगळा वर्ग उठतो.” म्हणजे ज्या सल्ल्यासाठी मला बोलावले, तोच सल्ला मुलांनी पाळू नये अशी व्यवस्था शाळेने आधीच करून ठेवलेली असते.

परवाच्या व्याख्यानात चौथीतल्या एका मुलीने उभी राहून विचारले, “बाई सोडत नाहीत, मग रोखायची नाही तर काय करायचे?” सभागृहात हशा पिकला आणि शिक्षकांनी तिला खाली बसवले. त्या दिवशी विचारला गेलेला खरा वैद्यकीय प्रश्न तेवढा एकच होता.

मुले पाणी का पीत नाहीत, याचा हिशोब मोठ्यांनी एकदा करून पाहावा. आठ वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयाची क्षमता साधारण 270 मिलिलिटर धरली जाते. वयात एक मिळवून 30 ने गुणायचे, असा हा ढोबळ नियम आहे. अशा पंचवीस किलो वजनाच्या मुलाने नीट पाणी प्यायले तर तासाला चाळीस-पन्नास मिलिलिटर लघवी सहज तयार होते. सकाळी घरून निघताना मूत्राशय रिकामे केले, तरी सहा तासांत ते काठोकाठ भरते आणि घाई त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. मधल्या सुट्टीत रांग मोठी, दाराला कडी नाही, आत पाणी नाही आणि तासाला परवानगी नाही, हे ज्या मुलाला ठाऊक आहे, ते बाटली भरलेलीच घरी परत नेते. पालक त्याला निष्काळजी म्हणतात. प्रत्यक्षात त्या मुलाने स्वतःवर आलेल्या अडचणीतून हाती असलेला एकमेव मार्ग काढलेला असतो, आणि त्याची किंमत त्याची मूत्रसंस्था मोजते. लघवी कमी आणि घट्ट होते, मूत्रमार्ग धुतला जात नाही, कोठा जड होतो आणि साठलेला मल मागून मूत्राशयावर दाब देत राहतो.

एखाद्या दिवशी प्रवासात लघवी थोपवावी लागली म्हणून मूत्रपिंड खराब होत नाही, आणि तशी भीती मी मुलांना कधीच घालत नाही. नुकसान होते ते रोजच्या सवयीने. मूत्राशय रिकामे व्हायला पाहते तेव्हा मूल ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून बाहेरची झडप बंद ठेवते. महिनोन्महिने असे केल्यावर त्या स्नायूंना सैल होण्याचाच विसर पडतो. मग स्वच्छतागृहात बसल्यावरही धार तुटक येते, मूल घाईने उठते आणि थोडी लघवी आत शिल्लक राहते. या शिल्लक लघवीत आतड्यांतून मूत्रमार्गाशी आलेल्या ई. कोलाय जंतूंना वाढायला निवांत जागा मिळते. जंतू बाहेर टाकण्याचा शरीराचा सर्वांत साधा उपाय म्हणजे मूत्राशय पूर्ण रिकामे करणे, आणि नेमका तोच बंद पडलेला असतो. “रोखून धरल्याने मुलांना ताबा येतो” असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की इथे ताबा वाढत नाही, रिकामे होण्याची क्रिया बिघडते.

माझ्याकडे अशीच एक आठ वर्षांची मुलगी आली होती. वर्षभरात तीनदा जंतुसंसर्ग झाला होता. प्रत्येक वेळी अँटिबायोटिकने जळजळ थांबे आणि काही आठवड्यांनी पुन्हा सुरू होई. वर्गातून तक्रार होती की तिची चड्डी ओलसर असते आणि ती सरळ न बसता एक टाच खाली दाबून बसते. याला बेशिस्त म्हटले गेले. वास्तविक टाचेने मूत्रद्वार दाबून गळती थांबवण्याची ही लहान मुलींमध्ये नेहमी दिसणारी धडपड आहे, आणि ती पाहताच शिक्षकांनी तिला ताबडतोब बाहेर पाठवायला हवे होते. आईकडून दोन दिवसांची नोंद लिहून घेतली, तेव्हा सकाळी सातनंतर थेट दुपारी अडीचला, दप्तरासकट धावत, अशी लघवीची वेळ निघाली. सोनोग्राफीत लघवी करून आल्यावरही 60 मिलिलिटर शिल्लक होती. मूत्राशय फार तुंबलेले असेल तर एकच मोजणी फसवते, म्हणून ती पुन्हा केली. पुन्हा 55 आली. या वयात 20 च्या वर वारंवार शिल्लक राहणे योग्य नाही. दोन्ही मूत्रपिंडे सोनोग्राफीत ठीक होती, मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग मात्र मलाने फुगलेला होता.

उपचारात अवघड काही नव्हते. कोठा साफ राहण्याचे औषध, दिवसभरात विभागून पाणी, दर दोन ते तीन तासांनी घाई नसली तरी लघवीला जाणे, पाय टेकवून आणि गुडघे फाकवून सैल बसणे, आणि एकदा झाल्यावर मिनिटभर थांबून पुन्हा प्रयत्न करणे. यातले एकच काम शाळेच्या हातात होते, म्हणून मी पत्र दिले. शाळेने त्यावरून तिला एक कार्ड करून दिले, जे प्रत्येक वेळी साऱ्या वर्गासमोर हात वर करून दाखवायचे होते. मुले हसली आणि मुलीने कार्ड दप्तराच्या तळाशी ठेवून दिले. पुढे तिला थंडी वाजून ताप आला, कंबरेच्या वर एका बाजूला दुखू लागले आणि उलट्या सुरू झाल्या. आता संसर्ग मूत्राशयात न राहता मूत्रपिंडापर्यंत चढला होता. तिला दाखल करून शिरेतून अँटिबायोटिक द्यावे लागले. अशा तापात उपचाराला उशीर झाला तर मूत्रपिंडावर कायमचा व्रण राहू शकतो, आणि तो पुसणारे औषध माझ्याकडे नाही.

हे सगळे एका आठ वर्षांच्या मुलीने का सोसायचे? तास चालू असताना दोन मिनिटे बाहेर जाण्याने कोणता अभ्यास बुडतो? काही मुले तेवढ्या निमित्ताने व्हरांड्यात रेंगाळतात, हे खरे आहे. मग रेंगाळणाऱ्यांना आवरा, त्यांच्यापायी तुंबलेल्या मूत्राशयाला शिस्त लावू नका. शिक्षकांच्या हातात साठ मुलांचा वर्ग असतो, हेही मी जाणते, पण त्याचे ओझे शाळेतल्या सर्वांत लहान माणसांच्या ओटीपोटावर टाकता येणार नाही.

यापुढे निमंत्रण येईल तेव्हा माझी अट आधी कळवली जाईल. व्याख्यान प्रथम शिक्षकांसाठी होईल आणि मुख्याध्यापक पहिल्या रांगेत असतील. त्याआधी मी स्वच्छतागृह पाहीन: दाराला आतून कडी आहे का, नळाला पाणी येते का, मधल्या सुट्टीत सगळ्यांची पाळी येते का. आणि हात वर न करता, कारण न सांगता, दाराशी टांगलेली पट्टी उचलून मुलाला बाहेर जाता येईल, ही सोय त्या दिवसापासून प्रत्येक वर्गात सुरू झालेली असेल, तरच मी मुलांपुढे उभी राहून त्यांना पाणी प्या म्हणेन.