प्रतिक्रियेला उत्तर: माझी आजी कट्टर नव्हती

"श्रद्धाळू आणि कट्टर हा भेद म्हणजे तुमची सोय आहे. फरक फक्त प्रमाणाचा असतो. शिवाय 'फंडामेंटलिस्ट' हा शब्द १९१० चा नाही, आणि आपल्याकडच्या संघटनांवर तुम्ही गप्प का? थोडं वाचून लिहीत जा."

महोदय, श्रद्धाळू माणूस वेगळा आणि कट्टर वेगळा, या माझ्या लेखावर तुम्ही वरचं लिहिलंत.

सालाबद्दल तुमचं बरोबर. 'फंडामेंटलिस्ट', म्हणजे धर्माच्या मूळ तत्त्वांवर अडून बसणारा कट्टर, हा शब्द १९२० मध्ये अमेरिकेत कर्टिस ली लॉज या बॅप्टिस्ट पंथाच्या संपादकाने काढला. लेखात दुरुस्ती केली आहे. पण 'थोडं वाचून लिहीत जा' हे काहून? बत्तीस वर्षं मी सीताबर्डीवर पुस्तकांच्या दुकानात काढली आहेत. ही भाषा तिथे उधारी बुडवणारे गिऱ्हाईकसुद्धा वापरत नसे.

आता प्रमाणाचं. तसं असतं तर माझी आजी पहिल्या नंबरची कट्टर ठरली असती. नागपूरच्या महाल भागातून दर चतुर्थीला पायी टेकडीच्या गणपतीला जायची, आणि घरात कोणाला ताप आला की ताजबागेच्या दर्ग्यातही. हे कुठल्या पोथीत बसतं, हा प्रश्न तिला पडलाच नाही. पडला तो इंजिनिअर होऊन आलेल्या माझ्या चुलतभावाला. उपास एक धरायचा नाही, पण "दर्गा आपल्यात बसत नाही" हे त्यानेच तिला सुनावलं. सांगा, प्रमाण कोणाचं जास्त?

अमेरिकेतही हेच झालं. येशूचा जन्म कुमारिकेच्या पोटी झाला, तो मेल्यावर सदेह उठला, हे तिथले साधे भाविक पिढ्यान्‌पिढ्या मानत आले होते. त्याची परीक्षा कोणी घेत नव्हतं. मग डार्विन आला, आणि जर्मन पंडितांनी बायबलातले मोशेच्या नावावरचे ग्रंथ अनेक हातांनी लिहिलेले असल्याचं दाखवलं. ही विद्या चर्चच्या स्वतःच्या विद्यालयांत शिरली. न्यूयॉर्कमध्ये पाद्री होऊ पाहणारे काही तरुण कुमारीजन्माची ग्वाही देईनात, तेव्हा १९१० मध्ये प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या महासभेने पाच मुद्दे ठरवून दिले: बायबल निर्दोष, कुमारीजन्म, येशूचं माणसांच्या पापांसाठी मरण, सदेह पुनरुत्थान आणि चमत्कार खरे. श्रद्धा जुनीच होती. तिची यादी करून तिच्यावर माणूस पास-नापास करणं नवं होतं.

आणि साधनं बघा. त्याच वर्षापासून 'द फंडामेंटल्स' या पुस्तिका निघू लागल्या. १९१५ पर्यंत बारा खंड, पैसा लायमन स्ट्युअर्ट या तेलसम्राटाचा, सुमारे तीस लाख प्रती पाद्र्यांना आणि धर्मप्रचारकांना टपालाने फुकट. आधुनिकतेला शिव्या आणि छापखाना, टपाल, तेलाचा पैसा तिचाच! मुख्य रोखही नास्तिकांपेक्षा चर्चमधल्याच उदारमतवाद्यांवर होता. आमच्या घरातही चुलतभावाने वाद मुल्लाशी नाही घातला, आजीशी घातला.

आपल्याकडच्या संघटनांवर मी गप्प का, हा प्रश्न नागपुरात बसून टोपणनावाने विचारणं सोपं आहे. त्यावर लिहायचं तेव्हा लिहीन, तुमच्या फर्माईशीवरून नाही.

तेवढी 'थोडं वाचून'वाली ओळ मागे घेतलीत तर पुढे बोलू.