पांढरं पाणी, जंतुनाशक आणि मेडिकलमधली ट्यूब

«पांढरं जाणं म्हणजे हाडं झिजून बाहेर पडणं. पाळी संपली की जंतुनाशकाच्या कोमट पाण्याने आतून धुवा, खाजेला मेडिकलमधून ट्यूब आणा. डॉक्टरची गरज नाही.»
(बचत गटाच्या ग्रुपवर आलेला मेसेज)

तायांनो, या पाण्यात हाडांचं काहीच नसतं. ते गर्भाशयाच्या तोंडातून आणि योनीच्या अस्तरातून येतं. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत ते अंड्यातल्या पांढऱ्यासारखं, बोटाला तार सुटेल असं असतं. नंतर घट्ट होतं. खाज नाही, घाण वास नाही, तर औषध नको. थकवा आणि चक्कर असेल तर हिमोग्लोबिन तपासा, कारण आपल्याकडे त्यामागे बहुतेकदा रक्त कमी असणं असतं.

आतून धुण्याचं मात्र मला खरंच भय वाटतं. योनीत दही लावणाऱ्या जंतूंचे भाऊबंद राहतात. ते आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणात रोगाचे जंतू वाढत नाहीत. जंतुनाशकाने हे राखणदारच मरतात. मग पातळ, राखाडी, मासळीसारख्या वासाचं पाणी सुरू होतं, बाई वास जावा म्हणून आणखी धुते आणि त्रास वाढतो. धुवायचं ते फक्त बाहेरून, साध्या पाण्याने, पुढून मागे. पॅड किंवा कापड 4 ते 6 तासांनी बदला. कापड साबणाने धुऊन उन्हात वाळवा. लाज वाटली तर वर पातळ ओढणी टाका, पण खाटेखाली दमट ठेवू नका.

आता ट्यूब. एका गटातल्या चाळिशीच्या ताईंना दह्याच्या गाठींसारखं पांढरं जायचं, खाजेने झोप नव्हती. मेडिकलमधल्या ट्यूबने चार दिवस बरं वाटायचं, की पुन्हा तेच. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. ते खाज दाबतं, पण बुरशी तशीच राहते आणि कातडी पातळ होते. चार महिन्यांनी त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेल्या. बुरशी निघालीच, शिवाय रक्तातली साखर वाढलेली निघाली. साखर ताब्यात आली, तेव्हा खाज परतायची थांबली.

हिरवट-पिवळं, फेसाळ पाणी आलं तर नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं, नाहीतर लागण परत होते. गरोदरपणी खाज किंवा वास असेल, फोड-जखम असेल, संबंधानंतर रक्त जात असेल, तर वाट पाहू नका. ओटीपोटात दुखून ताप आला तर त्याच दिवशी जा. पाळी कायमची बंद झाल्यावर रक्ताचा एक डाग दिसला तरी दाखवा.

सरकारी दवाखान्यात यावरची औषधं मोफत मिळतात. तपासणीच्या आदल्या दिवसापासून आत काही लावू नका, धुऊ नका. पाणी जसं जातंय तसंच डॉक्टरांना दिसू द्या.