बरणी हवेत का तरंगते? ‘कटआउट मारा, ड्रॉप शॅडो द्या’वाल्यांना उत्तर

“प्रॉडक्टचा फोटो कुठंही, कसाही काढा. कटआउट मारा, एआयने बॅकग्राउंड बनवा, लाइट उलटा वाटला तर फ्लिप करा, खाली ड्रॉप शॅडो द्या, वरून एक वॉर्म फिल्टर मारा. दोन मिनिटांत काम खल्लास, गिऱ्हाइकाला काही कळत नाही.”

भो, मी हे सगळं अगदी याच क्रमाने करून बसलोय म्हणून बोलतो. यावलकडच्या एका बचत गटाच्या ताईंच्या काळ्या मसाल्याची बरणी होती, काचेची, स्टीलचं झाकण, साधारण १२ सेंटीमीटर उंच. फोटो घरातच टेबलावर काढला, डावीकडे खिडकी. बॅकग्राउंड काय मागितला तर शेतातल्या घराचा ओटा, त्यावर पाटा-वरवंटा आणि तांब्या, मागं केळीची बाग, सोनेरी ऊन. दिसायला एकदम झकास. ताईंना पाठवला, त्यांनी फोन करून एवढंच विचारलं, “भाऊ, बरणी ओट्यावर ठेवलीय का वर टांगलीय?”

आता एकेक बघू.

आधी फ्लिपचं. माझ्या बॅकग्राउंडमध्ये ऊन उजवीकडून होतं, तांब्याची सावली डावीकडे पडलेली, आणि बरणीवरची चमक डावीकडे. बरणी फ्लिप केली तर लेबल उलटं, ‘मसाला’ वाचायला आरसा लागेल. फ्लिप करायचंच तर बॅकग्राउंड करा, त्यात अक्षरं नसतील तर काही बिघडत नाही. पण यातून फक्त डावं-उजवं सुटतं, उजेड किती उंचावरून येतोय ते तसंच राहतं. माझ्या बरणीची टेबलावरची सावली पट्टीने मोजली तर ७ सेंटीमीटर, म्हणजे उजेड जवळपास ६० अंशांवरून. बॅकग्राउंडमधल्या तांब्याची सावली त्याच्या उंचीच्या दुप्पट, म्हणजे २७ अंशांच्या आसपास, संध्याकाळचं तिरपं ऊन. (हे मोजमाप सावली बाजूला पडली असेल तरच चालतं, कॅमेऱ्याच्या दिशेने किंवा मागं गेली की ती आखूड दिसते.) आपल्याकडे मे महिन्याच्या शेवटी दुपारी साडेबाराला सावली पायाखालीच गोळा होते, हे जळगावातल्या पोराला पण माहितीय, मग लांब सावलीच्या ओट्यावर झाकणाचा वरचा भाग लखलखणारी बरणी बघून त्याला शब्दात सांगता नाही आलं तरी डोळ्याला खटकणारच ना.

आणि बनवलेल्या बॅकग्राउंडचं अजून एक असतं, त्यातल्या सावल्या आपसातच भांडतात. तांब्याची एकीकडे, वरवंट्याची दुसरीकडे. तपासायला सोपं आहे: वस्तूच्या शेंड्यापासून त्याच शेंड्याच्या सावलीपर्यंत सरळ रेघ ओढा, दोन-तीन वस्तूंना तसंच करा. उजेड एकच असेल तर सगळ्या रेघा मागं किंवा पुढं वाढवल्यावर एका ठिकाणी मिळतात, नाहीतर एकमेकींना समांतर राहतात. तिसरंच काही दिसलं तर तो बॅकग्राउंड सरळ फेकून द्या, दुरुस्त करत बसू नका.

आता ड्रॉप शॅडो, खरा घोळ इथं आहे. ड्रॉप शॅडो म्हणजे काय तर बरणीच्याच आकाराची काळी कॉपी, थोडी सरकवलेली आणि सगळीकडे सारखी धुरकट. अशी सावली कागद भिंतीपासून थोडा लांब धरला तर पडते, ओट्यावर उभ्या बरणीची नाही पडत. उभ्या वस्तूच्या बुडाला जिथं ती टेकते तिथं आधी एक बारीक, जवळजवळ काळी रेघ असते, कारण त्या फटीत उजेड शिरतच नाही. ती नसली की वस्तू तरंगते, ताईंनी नेमकं तेच पकडलं. तिथून पुढं सावली जशी लांब जाते तशी तिची कड मऊ होत जाते, आणि किती मऊ ते उजेडाच्या आकारावर. सूर्य आकाशात अर्ध्या अंशाएवढाच दिसतो, म्हणून झाकणाच्या कडेची सावली १४ सेंटीमीटर लांब जाऊन पडली तरी कड जेमतेम मिलिमीटरभर पसरते. तेच एक मीटर रुंद खिडकी दोन मीटरवर असेल तर तेवढ्याच अंतरावर कड ७ सेंटीमीटर पसरते. म्हणजे खिडकीतली बरणी उन्हातल्या ओट्यावर ठेवली तर कुठली सावली देणार? कडक दिली तर बरणीवरच्या मऊ छटेशी जुळत नाही, मऊ दिली तर शेजारच्या तांब्याशी जुळत नाही.

मी शेवटी काय केलं ते सांगतो. बरणी परत त्याच खिडकीत, पण मोठ्या पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो काढला आणि तिची खरी सावली कापून टाकलीच नाही. ओरिजिनल फोटोचा लेयर बॅकग्राउंडवर मल्टिप्लाय मोडमध्ये ठेवला, लेव्हल्समध्ये कागद पूर्ण पांढरा होईपर्यंत ओढला, तो गायब झाला आणि बुडाच्या काळ्या रेघेसकट सावली तेवढी उरली. वरती बरणीचा कटआउट, मास्क एक पिक्सेल आत घेतलेला, नाहीतर कडेला पांढरी झालर राहते. आणि बॅकग्राउंड नवीन मागितला: ओसरीतला लाकडी पाट, उजेड डावीकडून, वरून, मऊ, ऊन नको. म्हणजे आधी फोटोचा उजेड बघायचा आणि तसा बॅकग्राउंड मागायचा, उलटं नाही. सोनेरी उन्हाचाच हट्ट असेल तर बरणी संध्याकाळी खऱ्या उन्हात नेऊन फोटो काढा की, आपल्याकडे उन्हाला काय तोटा आहे!

फिल्टरचं थोडक्यात. दोन्ही लेयरवर एकच फिल्टर मारला की दोन्ही सारखेच पिवळे होतात, त्यांच्यातला फरक जागच्या जागी राहतो. ट्यूबलाइटखाली काढलेली बरणी निळसर आणि ओटा पिवळा, तर फिल्टरनंतर बरणी कमी निळी आणि ओटा हळद फासल्यासारखा. शिवाय काळा मसाला विटेच्या भुकटीसारखा दिसायला लागतो, मग माल घरी गेल्यावर रंग वेगळा म्हणून तक्रार. आधी बरणीच्या फोटोतला पांढरा रंग नीट करा, तो पांढरा कागद इथं पण कामाला येतो. मग वर एक ब्लॅक अँड व्हाइट लेयर टाकून रंग बंद करा आणि फक्त उजेड-अंधार बघा: बॅकग्राउंडमधला सगळ्यात गडद कोपरा जेवढा काळा, त्याच्याइतपतच बरणीतला काळा हवा. ० ते २५५ च्या मापात माझ्या बॅकग्राउंडचा काळा ३० च्या आसपास होता आणि बरणीचा ५, म्हणून ती चिकटवलेली वाटत होती. लेव्हल्समध्ये बरणीचा आउटपुट ब्लॅक वर घेतला आणि निम्मं काम तिथंच झालं. तो लेयर काढून मग रंगाला हात लावा, आणि तो पण फक्त बरणीच्या लेयरला.

गिऱ्हाइकाला कळत नाही म्हणता, तर एवढं मान्य की व्हॉट्सॲपवरच्या बोटाएवढ्या फोटोत किंवा साध्या एकरंगी बॅकग्राउंडवर कागदी खोका असेल तर ड्रॉप शॅडो खपून जाते. काच आणि स्टील आलं की नाही खपत. माझ्या पहिल्या फोटोत बरणीच्या काचेवर खिडकीची अख्खी चौकट दिसत होती, गजांसकट, आणि मागं केळीची बाग! ते कुठल्याच फिल्टरने जात नाही. दुसऱ्या वेळी खिडकीला पातळ पांढरा पडदा लावला तेव्हा गज गेले, फक्त लांबट पांढरी चमक राहिली. झाकणात मात्र अजून माझा हात आणि मोबाइल दिसतोय, पुढच्या वेळी समोर थर्माकोलची शीट धरून भोकातून फोटो काढणार आहे.