सोवळ्यातला संगणक

आमच्या घरच्या संगणकाला वर्षातून एकदा फॉरमॅट मारावा लागतो आणि त्यात खरा मार मलाच बसतो. विंडोज टाकणे अर्ध्या तासात उरकते. पण त्यानंतर प्रिंटरचा ड्रायव्हर, मराठी कळफलक, सौभाग्यवतींचे हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि रात्रभर उतरत राहणारे अपडेट यांत माझे शनिवार-रविवार बुडतात. म्हणून गेल्या वर्षी मी ठरवले की, सगळे बसवून झाल्यावर, कोणी हात लावण्यापूर्वी, संपूर्ण डिस्कची प्रतिमा काढून ठेवायची. दही संपण्यापूर्वी विरजणासाठी चमचाभर बाजूला काढतात, तसाच हा प्रकार.

अडचण होती ती ‘कोणी हात लावण्यापूर्वी’ या तीन शब्दांत. प्रतिमेला बरेवाईट कळत नाही. त्या क्षणी डिस्कवर जे असेल ते सारे ती उचलते आणि पुढे दर वेळी इमानाने परत आणते. म्हणून मी जाहीर केले की, संगणक सोवळ्यात आहे. आईला हे लगेच पटले. भाच्याने मात्र, “मामा, फक्त माउस चालतो का बघतो,” असे म्हणून पाचच मिनिटे मागितली आणि मी ती दिली.

चालत्या विंडोजची प्रतिमा तिच्याच पोटात बसून काढणे बरे नव्हे, कारण फायली सतत बदलत असतात. म्हणून प्रतिमा काढणारे क्लोनझिला हे सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घालून संगणक त्यावरून सुरू करायचा आणि प्रतिमा दुसऱ्याच डिस्कवर ठेवायची. त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर ती ठेवणे म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीतच कुलूपबंद करणे. मी १ टीबीची बाहेरची डिस्क जोडली, `device-image` निवडले आणि मोठ्या ऐटीत `savedisk` वर एंटर दाबले.

क्लोनझिलाने नकार दिला. सी ड्राइव्ह नीट बंद केलेला नाही, असा त्याचा आरोप होता. मी तर ‘शट डाउन’ स्वतःच्या हाताने दाबले होते! नंतर कळले की, फास्ट स्टार्टअप चालू असले की विंडोज पूर्ण बंद होतच नाही; आपला गाभा डिस्कवर लिहून ठेवते आणि डोळे मिटून पडते. पुन्हा विंडोज उघडून, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्टमध्ये एक ओळ लिहिली, मग बंद केले आणि ते खरोखर झोपले:

```
powercfg /h off
```

दुसऱ्या खेपेला काम बिनबोभाट झाले. डिस्क २५६ जीबीची असली तरी तीत भरलेले ३८ जीबीच होते, आणि क्लोनझिला वापरलेलाच भाग उचलून तो दाबून ठेवत असल्यामुळे प्रतिमा जेमतेम २० जीबीची झाली. ती परत टाकता येईल का, याची तपासणीही त्यानेच करून दाखवली.

सात महिन्यांनी संगणकातली ती डिस्क, म्हणजे एसएसडी, अचानक वारली आणि मला, सांगायला लाज वाटते, आनंद झाला. दुकानातून २४० जीबीची नवी आणली. `restoredisk` निवडताना कोणती डिस्क पुसली जाणार हे आकारावरून तीन वेळा पडताळले, कारण तिथे चुकून बाहेरची डिस्क निवडली असती तर विरजणासकट भांडेच धुतले गेले असते. एवढे करून पुन्हा नकार! नवी डिस्क मूळ डिस्कपेक्षा लहान चालत नाही. आत माल ३८ जीबीचा असला तरी विभागांच्या सीमा २५६ जीबीच्या हिशेबाने आखलेल्या असतात. दुकानदार म्हणाला, “काका, सोळा जीबीने असा काय फरक पडतो?” त्याला समजावण्यापेक्षा मी जास्तीचे पैसे मोजून ५१२ जीबीची घेतली. तिची उरलेली अर्धी जागा कोणत्याच विभागात न जाता मोकळी राहिली, पण अकराव्या मिनिटाला प्रिंटर, कळफलक, हिशेब, सारे जागच्या जागी हजर झाले.

मी घरच्यांना बोलावून, विजयी मुद्रेने हिशेबाच्या चिन्हावर टिचकी मारली. ते उघडले नाही; शेजारी एक यादी तेवढी उघडली. पुन्हा मारली, पुन्हा यादी. तेव्हा मला आठवले की आमचा भाचा डावखुरा आहे आणि त्या पाच मिनिटांत त्याने माउसची बटणे आपल्या सोयीने अदलाबदल केली होती. इतक्या जपलेल्या सोवळ्यात नेमका डावा हात शिरला होता.

बटणे मी लगेच सरळ केली. सात महिन्यांचे अपडेट मात्र मध्यरात्रीपर्यंत उतरत राहिले. आता पुन्हा सारे शुद्ध होते, नवी प्रतिमा काढावी म्हणून मी पेनड्राइव्ह शोधायला उठलो, तेवढ्यात आतून आवाज आला, “अहो, बंद करू नका, मला एकच पान छापायचंय.”